चहातला ‘ह’ आणि सक्करेतला जोड ‘क’

टिळकवाडी, बेळगाव

आमच्या घरात चहा म्हणतात, गल्लीत च्या. शेजारच्या कन्नड घरातही चहाच, बोलण्यात चा. हुबळी-धारवाडपर्यंत तेच चालतं. मुलगी म्हैसूरला शिकायला गेली, तर तिथल्या कन्नड मैत्रिणी टी म्हणतात. साखरेचं तसं नाही. आम्ही साखर म्हणतो आणि कन्नड माणूस बेळगावचा असो की म्हैसूरचा, तो सक्करेच म्हणतो.

तर दोन प्रश्न. आपल्याकडे चहा हा शब्द कुठल्या वाटेनं आला? आणि सक्करे साखरेवरून आलं की साखर सक्करेवरून? दुसऱ्यावरून आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन तट पडलेत, तेव्हा नुसतं मत नको, पुरावा पाहिजे.

निपाणी

पहिलं सोपं आहे. चीनमध्ये एकाच पानाचे दोन उच्चार. बहुतेक ठिकाणी चा, आणि फुजियानच्या किनाऱ्यावर, म्हणजे अमॉय बंदराच्या बाजूला, ते. जमिनीवरून उंटांच्या तांड्यांनी जिकडे गेला तिकडे चा किंवा चाय झाला: इराण, तुर्कस्तान, रशिया. जहाजानं गेला तिकडे टी किंवा ते. आपण चहा म्हणतो, म्हणजे तो खुष्कीच्या वाटेनं इराण, दिल्ली असं करत दख्खनेत उतरला.

दुसरंही अवघड नाही. बेळगाव-धारवाडच्या कन्नडात मराठी शब्द किती आहेत ते बाजारात उभं राहून ऐका. सक्करे आपल्या साखरेवरूनच.

संकेश्वर

चहाला साखर कुठली म्हणून विचारत असाल तर आमच्याकडं कारखान्याची एम-३० आणि एस-३० अशी दोन मिळतात. एमचा दाणा मोठा, एसचा बारीक. चहात एस लवकर विरघळते. पण घरी आम्ही गुळाचाच पितो. वडिलांचं गुऱ्हाळ होतं, काहिलीतली काकवी वाटीनं प्यायलोय.

अथणी

टिळकवाडीताई, मी निवृत्त शिक्षिका. मराठी माध्यमाच्या मुलांना कन्नड शिकवलं, त्यामुळं हा प्रश्न वर्गात दरवर्षी यायचा. आधी साखरेचं घेते, कारण तिथं पुरावा पक्का आहे.

मूळ संस्कृत शर्करा, म्हणजे खडे, वाळूचे कण. प्राकृतात तिचं सक्खरा झालं. आता मराठीची एक खोड बघा. प्राकृतातला जोड मराठी मोडते आणि त्याच्या आधीचा स्वर लांबवते. सत्तचं सात, हत्थचा हात, दुद्धचं दूध. शेवटचा आ पण बऱ्याचदा गळतो, लज्जाची लाज होते तसा. सक्खरेला हेच केलं की साखर मिळते.

कन्नड जोड मोडत नाही. ख मात्र तिच्या मूळच्या ध्वनींत नाही, म्हणून त्याचा क होतो. आणि शेवटच्या आ-चा ए होतो: भाषाचं भाषे, शालाचं शाले, लज्जाचं लज्जे. सक्खरा या साच्यात घाला, सक्करेच बाहेर येतं.

आता निपाणीकरांचं म्हणणं तपासून बघू. कन्नडनं मराठीतून घेतलं असतं तर साखर ऐकून घेतलं असतं. मग ‘सा’ लांब राहिला असता आणि क एकेरी. साकर, साकरी, साकरे असं काही झालं असतं. सक्करेतला आखूड ‘स’ आणि जोड ‘क्क’ साखरेतून परत उगवू शकत नाहीत, कारण ते मराठीत आधीच गेलेत. उलट्या बाजूनंही तेच. मराठीनं सक्करे उचललं असतं तर आपल्या तोंडात ख आला नसता. म्हणजे कुणीच कुणाचं घेतलेलं नाही. दोघींनी एकाच आईकडून आपापला वाटा घेतलाय.

टिळकवाडी, बेळगाव

बाई, हे आज रात्री जेवताना वाचून दाखवते. पण संस्कृतातून थेट घेतलं नसेल कशावरून? दोन्ही भाषांत संस्कृत शब्द पुष्कळ आहेत की.

अथणी

संस्कृतातून उचललेला शब्द आपलं ‘र्क’ टिकवतो. कन्नडात शर्करे हाही शब्द आहे, पण तो पुस्तकी. वाण्याकडं कोणी शर्करे मागत नाही.

बोलीतलं रूपच प्रवास करतं याला परदेशातली साक्षही आहे. इसवीसनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेली सागरी प्रवासाची पोथी आहे, पेरिप्लस म्हणून. भडोच वगैरे बंदरांतून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या मालात गहू, तांदूळ, तूप, तिळाचं तेल आणि कापडाबरोबर ‘साक्खरी नावाचा बोरूतला मध’ लिहिलाय. शर्करातला पहिला र त्यात नाही, जोड आणि ख दोन्ही आहेत. म्हणजे त्या खलाशानं बंदरावरच्या हमाल-व्यापाऱ्यांच्या तोंडचं प्राकृत ऐकलं. पंडितांचा शब्द त्याच्या कानी पडलाच नसावा. इराण्यांनी शकर केलं, अरबांनी सुक्कर, आणि तिथून युरोपभर.

खानापूर

माझं माहेर गोव्याच्या हद्दीवरचं, म्हणून राहवत नाही. पोर्तुगीज साखरेला असुकार म्हणतात. तो अरबांच्या अस्-सुक्करवरून, पुढचं ‘अ’ हे अरबी उपपदाचं. म्हणजे आपला शब्द अरबस्तान, स्पेन, पोर्तुगाल असा फिरून जहाजातून गोव्याला परत आला. आणि हेच पोर्तुगीज केरळात उतरले तेव्हा तिथं गुळाला चक्कर म्हणत होते. हा पण त्याच शर्करेचा वंशज. त्यांना तो ओळखू आला नाही. त्यांनी जागरा म्हणून नवीन शब्द नेला, आणि इंग्रजांनी त्याचं जॅगरी केलं. एकच शब्द एका भाषेनं दोन बंदरांवरून दोनदा उचलला!

निपाणीदादा, चहाचं मात्र पटलं नाही. पोर्तुगीज १५५७ पासून चीनमधल्या मकावला होते. मकाव कॅन्टनच्या तोंडाशी, तिथला उच्चार चा. त्यांच्या भाषेत चहाला आजही शा म्हणतात, लिहितात ‘च’च्या जुन्या अक्षरांनी, आणि त्या काळी उच्चारही चा होता. ते काही उंटावरून आले नव्हते. मग चा म्हणजे खुष्की आणि टी म्हणजे समुद्र, हे कसं?

निपाणी

पोर्तुगीज हा अपवाद असेल. नियम मी नकाशात बघितलेला आहे, तो जगभर लागू पडतो. आणि गोव्याचा शब्द घाट चढून आपल्यापर्यंत आला याला पुरावा काय?

खानापूर

चावी. पोर्तुगीज शावे, तेव्हाचा चावे. बटाटा, पाव, अननस, काजू हे सगळे त्याच वाटेनं वर आले. चोर्ला घाटातून आणि रामघाटातून बैल चालायचेच की.

अथणी

चावीचं उदाहरण फार नेमकं दिलंत. मराठीत दोन च आहेत, हे आपण बोलताना विसरतो. चाक, चांगला, चावा यांतला च दाताजवळचा, त्सकडं झुकलेला. चावी आणि चहा यांतला च टाळूवरचा. आपल्या जुन्या घरगुती शब्दांत आ-च्या आधी बहुधा पहिला च येतो. चावा आणि चावी एकापाठोपाठ म्हणून बघा. खेड्यातला माणूस चहाला च्या म्हणतो त्यातला य हाच टाळूचा च पक्का धरून ठेवतो. यावरून चहा बाहेरून आलेला आहे एवढं दिसतं. फारसीतून आला की पोर्तुगीजातून, ते मात्र या च-वरून कळत नाही, कारण दोघांकडं तो तसाच होता.

नकाशाबद्दल निपाणीकरांना एवढंच सांगते की अपवाद म्हणून पोर्तुगीज बाजूला काढता येत नाहीत. उंट की जहाज यापेक्षा माल कुणाकडून घेतला याला महत्त्व आहे. डचांनी फुजियानच्या व्यापाऱ्यांकडून घेतला, जावातल्या बांतमला ते व्यापारी यायचे. म्हणून डच ‘ते’ म्हणतात, आणि त्यांच्याकडून बराचसा युरोप तसंच म्हणायला शिकला. पोर्तुगीजांनी कॅन्टनवाल्यांकडून घेतला, म्हणून चा. दोघंही जहाजानंच.

आपल्याच किनाऱ्यावर एक परीक्षा आहे. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला डचांची वखार होती. बेळगावातून निघणाऱ्या वेंगुर्ला रोडच्या दुसऱ्या टोकाला ‘ते’ म्हणणारी माणसं राहत होती! तरी आपल्याकडं ‘ते’ हा शब्द रुजला नाही. शब्द रुजायला नुसता शेजार पुरत नाही, तो माल त्या माणसाकडून घ्यावा लागतो.

टिळकवाडी, बेळगाव

मग म्हैसूरचं टी?

अथणी

ते इंग्रजीतून आलेलं दिसतं, कारण त्यात ई आहे. तमिळमध्ये मात्र तेयिलै, म्हणजे ‘ते’चं पान, तिथं ए आहे. मल्याळममध्ये तर दोन्ही नांदतात. प्यायचा तो चाया, आणि डब्यातली पत्ती ती तेयिला. हा ए डचांचा की जुन्या इंग्रजांचा, यावर मी काही बोलणार नाही. इंग्रजही अठराव्या शतकात टीऐवजी टे म्हणायचे.

निपाणी

बरं, माल कुणाकडून घेतला ते बघायचं हे मान्य. पण ‘ह’चं काय? पोर्तुगीज चा, कॅन्टनी चा. चहात ह कुठून घुसला? पंजाबीत चाह आहे, जुन्या उर्दूतही चाह आहे. त्या बाजूनं आला असेल तर माझी खुष्की अजून जिवंत आहे.

अथणी

हा मुद्दा खरोखर जड आहे आणि तो तुमच्या बाजूचा आहे. चाहवरून चहा होणं सहज आहे. तुमच्या विरुद्ध एवढंच की फारसी चायमधला य आपल्याकडं कुठंच नाही. हिंदीनं तो ठेवला, मराठी आणि गुजरातीनं नाही. पण फारसीत चायच्या आधी नुसता ‘चा’ हाही शब्द होता, त्यामुळं हेही निर्णायक नाही. कन्नडचा चहा तर ह-सकट आपल्यासारखाच आहे, म्हणून तो मराठीतून गेला असं मी मानते. म्हैसूरकडं तो नाही, मराठी व्यवहार होता त्या भागात आहे. साखरेचा निकाल रूपावरून लागला. चहाला दोन-तीन वाटा उघड्या राहतात, कारण चा एवढा लहान शब्द आहे की त्याच्या अंगावर प्रवासाच्या खुणा उमटायला जागाच नाही.

खानापूर

सुरतेचंही बघा. १६८९ साली तिथं आलेल्या ओव्हिंग्टन नावाच्या इंग्रज पाद्र्यानं लिहून ठेवलंय की तिथले वाणी चहा पितात, त्यात गरम मसाला आणि खडीसाखर घालून. म्हणजे मळ्यांच्या कितीतरी आधी शब्द पश्चिम किनाऱ्यावर होता. सुरतेत सगळेच होते, इराणी, डच, पोर्तुगीज. तिथून खाली आला असेल तर गोवाही नको आणि दिल्लीही नको.

संकेश्वर

खडीसाखरेला आमच्या बाजारात कन्नड लोक कल्लुसक्करे म्हणतात. कल्लु म्हणजे दगड. आपला पण खडाच. आणि कारखान्याच्या पाटीवर ‘सक्करे कार्खाने’ आहे. बाईंनी सांगितलेला आ-चा ए त्यात दोनदा आहे, सक्करेत पण आणि कार्खान्यात पण. रोज त्या पाटीखालून ट्रॅक्टर नेतो, आज वाचली.

आता माझा एक प्रश्न घ्या. आम्ही काकवी म्हणतो, आमचा कन्नड गुळव्या काकंबी म्हणायचा. हे कुणाचं?

अथणी

इथं तुम्ही मला अडवलंत. साखरेची कसोटी लागू पडत नाही, कारण प्राकृतातलं मूळ रूप हाताशी नाही. ंब झिजून व झाला असेल तर कन्नड रूप जुनं, पण व-चा ंब झाल्याचं कुणी दाखवलं तर उलटं. गूळ आणि बेल्ल हे तर सरळ वेगळे शब्द आहेत, दोघांनी आपापले ठेवलेत. मग मधल्या काकवीलाच सामाईक नाव का, हाही प्रश्न आहे. मुडलगी, महालिंगपूर, गोकाककडच्या जुन्या गुळव्यांकडून कोणी तिसरं रूप ऐकलं असेल तर कळवा. काकवं, काकमी, काहीही चालेल, फक्त कुठल्या गावात ऐकलं ते लिहा.