मदत हवी आहे: झोपताना गरम दूध घेतल्याने झोप लागते का? (सासूबाईंसाठी)

मानपाड्याची_सून

नमस्कार मंडळी. ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. सासूबाईंचं वय ६८, बीपी आहे, शुगर नाही. आई साडेनऊला अंग टाकतात, दोनच्या सुमारास जाग येते आणि मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. सोसायटीतल्या एका काकूंनी सांगितलं की रात्री दूध द्या, त्यात ट्रिप्टोफॅन असतं, त्याने झोप येते. तेव्हापासून रोज मोठा कपभर म्हशीचं दूध, साखर आणि चिमूटभर जायफळ घालून देते. आईंना आवडतं. झोपेत मात्र मला तरी फरक दिसत नाही.

आता दीर म्हणतो, दुधात कमी पडत असेल तर ट्रिप्टोफॅनच्या कॅप्सूलच मागवू, ऑनलाइन मिळतात. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. दुधात ते असतं किती? आणि कॅप्सूल द्यावी का? घरगुती उपायांची यादी नको, प्लीज.

वाशीवाला_काका

असतं म्हणजे काय, भरपूर असतं. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन आणि त्यापासून झोपेचं हार्मोन मेलाटोनिन, हे साधं विज्ञान आहे. तुमचं चुकतंय ते दूध देण्याच्या वेळेत. झोपायच्या अर्धा तास आधी, कोमट, आणि साखर हवीच. साखरेने इन्शुलिन वाढतं आणि ट्रिप्टोफॅन मेंदूत जातं. आमच्या घरी तीन पिढ्या हेच चालू आहे.

रबाळे_नाइटशिफ्ट

माझाही हाच प्रॉब्लेम. नाइट करून सकाळी आठला घरी येतो, दूध पितो, तरी अकराला टक्क जागा. पडदे जाड लावले, मग जरा बरं वाटलं. दूध गाईचं घ्यावं की म्हशीचं?

आहारतज्ज्ञ_नौपाडा

मानपाडा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आकड्यातच देते. २०० मिली गाईच्या दुधात साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि त्यात ट्रिप्टोफॅन ९० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हशीच्या दुधात थोडं जास्त, पण चित्र बदलेल इतकं नाही. झोपेवर ट्रिप्टोफॅनचा परिणाम ज्या जुन्या प्रयोगांत नीट दिसला, त्यांत ते शुद्ध स्वरूपात आणि बहुतेकदा एक ग्रॅमच्या घरात दिलेलं होतं. तेवढं दुधातून हवं तर दोन लिटरच्या वर प्यावं लागेल. मग आई रात्रभर बाथरूममध्येच.

पण खरी अडचण प्रमाणाची नाहीच. ट्रिप्टोफॅन रक्तातून मेंदूत एका ठरावीक वाहकामार्फत जातं आणि त्याच वाहकासाठी त्याच्यासारखीच अमिनो आम्लं असलेली ल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन वगैरे मंडळीही रांगेत असतात. दुधाच्या प्रथिनांत ही मंडळी मिळून ट्रिप्टोफॅनच्या वीसपटीहून जास्त भरतात. ठाणे स्टेशनला सकाळच्या फास्ट लोकलच्या दाराशी एकट्या म्हाताऱ्या माणसाचं जे होतं, तेच ट्रिप्टोफॅनचं होतं. म्हणून दूध किंवा कुठलंही प्रथिन घेतल्यावर रक्तातलं ट्रिप्टोफॅन वाढलं तरी इतरांच्या तुलनेत त्याचा वाटा वाढत नाही, उलट बहुधा घटतो. काकांची साखरेची गोष्ट अर्धी बरोबर आहे. इन्शुलिनमुळे बाकीची गर्दी स्नायूंमध्ये ओढली जाते आणि ट्रिप्टोफॅनला वाट मिळते, हे फर्नस्ट्रॉम आणि वुर्टमन यांनी १९७०च्या दशकात उंदरांवर दाखवलं. पण ते जवळजवळ निव्वळ पिष्टमय खाण्यावर. सोबत थोडंसं प्रथिन आलं की तो परिणाम मावळतो, आणि दूध म्हणजे प्रथिन आलंच. शिवाय तुमच्या आईंनी आधी वरणभात जेवलेला असणार.

वाशीवाला_काका

मग आमच्या आजीला झोप लागायची ती काय खोटी? दुधात मेलाटोनिनही असतं, ते विसरलात.

आहारतज्ज्ञ_नौपाडा

असतं. पण कपभर दुधात काही नॅनोग्रॅम, आणि गोळीत मिलिग्रॅम. म्हणजे लाखोपट फरक.

आजीला झोप लागत असणारच, नाही कुठे म्हणते मी! १९७२ मध्ये एडिनबर्गला ब्रेझिनोव्हा आणि ओसवाल्ड यांनी रात्री गरम दुधातलं माल्टचं पेय देऊन झोप मोजली. साधारण पंचावन्न वयाच्या गटाची रात्रीच्या उत्तरार्धातली झोप कमी मोडली, तरुणांत तेवढा फरक पडला नाही. माणसं मोजकीच होती आणि पेयात माल्टही होतं, त्यामुळे श्रेय एकट्या दुधाला देता येत नाही. पुढे १९८० मध्ये अ‍ॅडम यांनी पाहिलं की ज्याला झोपण्यापूर्वी जे घ्यायची सवय, ते घेतल्यावर त्याची झोप चांगली होते. ज्याला काहीच न घेण्याची सवय, त्याला काही न घेतल्यावर. काका, तुमच्या तीन पिढ्यांचं उत्तर मला तिथे सापडतं. ट्रिप्टोफॅनचं नाव नंतर चिकटलं.

आता कॅप्सूल. मानपाडा, आई आणखी कुठल्या गोळ्या घेतात? विशेषतः मनाच्या, नैराश्याच्या किंवा चिंतेच्या?

मानपाड्याची_सून

अरे बापरे, ते लिहायचंच राहिलं. सासरे गेल्यापासून एसिटालोप्रॅम चालू आहे, रात्री जेवणानंतर. बीपीची सकाळी.

आहारतज्ज्ञ_नौपाडा

मग कॅप्सूल मागवू नका. एसिटालोप्रॅम सेरोटोनिन वाढवतंच, त्यावर ट्रिप्टोफॅनचा डोस दिला तर सेरोटोनिन प्रमाणाबाहेर जाऊ शकतं: घाम, थरथर, छातीत धडधड, बेचैनी, अवघड झालं तर ताप आणि गोंधळलेपण. दुधाने हे होत नाही, ते निर्धास्त द्या. आणखी एक सांगते. १९८९ मध्ये अमेरिकेत ट्रिप्टोफॅनच्या गोळ्यांनी दीड हजारावर माणसं स्नायूंच्या भयंकर वेदनांनी आजारी पडली आणि तीसच्या वर दगावली. मुख्य संशय एका उत्पादकाच्या मालातल्या अशुद्धीवर होता. त्यामुळे ऑनलाइन मिळणाऱ्या कुठल्याही बाटलीवर विसंबून राहायची माझी तयारी नाही.

दोन प्रश्न: दूध किती वाजता देता, आणि दोनला जाग येते ती लघवीला जाण्यासाठी का?

मानपाड्याची_सून

दूध सव्वानऊला. हो, उठतात त्या बाथरूमलाच. आणि दुपारी जेवून दीड-दोन तास झोपतात, ते मी मोजलंच नव्हतं.

आहारतज्ज्ञ_नौपाडा

मग कप अर्धा करा आणि तो आठच्या सुमारास द्या, पाणीही त्याच्या आधीच. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा आणि रात्री साडेनऊऐवजी अकराला आडवं होऊ द्या. साडेनऊला झोपलेलं माणूस दोनला साडेचार तास झोपून उठतं, दुपारची झोप धरली तर सहा-साडेसहा तास झालेच की. दोन आठवडे झोपेच्या वेळा वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. गोळी रात्रीऐवजी सकाळी चालेल का, तेही त्यांनाच विचारा. एसिटालोप्रॅमने काहींची झोप मोडते, काहींना झोप येते, इथून सांगता येत नाही. स्वतः बदलू नका.

ऐरोलीकर

जायफळाबद्दल कोणी बोललंच नाही. खरी झोप त्यानेच येते.

आहारतज्ज्ञ_नौपाडा

चिमूटभराने काही बिघडत नाही, झोपेसाठी भक्कम पुरावाही मला माहीत नाही. चमचा-दोन चमचे घातलंत तर मात्र उलट्या, भ्रम, धडधड होऊ शकते. चव म्हणून किसा.

वाशीवाला_काका

पुरावा नाही म्हणजे होत नाही असं नव्हे. असो.

मानपाड्याची_सून

दिराला हा धागा पाठवला, कॅप्सूलचं बारगळलं. दुधाचा कप लहान केला तर आई रुसल्या आहेत, म्हणतात "मोजून मापून कसलं दूध देतेस?" अकरापर्यंत जागं ठेवायचं कसं, हा नवा प्रश्न. साडेनऊला सिरियल संपली की त्यांचे डोळे मिटायलाच लागतात. कुणी हे घरात जमवलं असेल तर सांगा.