कॅगचा अहवाल शेवटच्या दिवशी, मग पुढे काय?

तळेगावकर
कॅगचा अहवाल येतो, दोन दिवस मथळे आणि संपलं. जलयुक्त शिवारच्या ९,६३३ कोटींवर त्यांनी ताशेरे मारले, कुणाचं काय वाकडं झालं? ज्यांना एक कारकूनसुद्धा निलंबित करता येत नाही, त्यांना पोसायचं कशाला?

जुना लेखापरीक्षक
हे वाचून गप्प बसवेना. निलंबित करणं हे त्यांचं कामच नाही. पैसे विधिमंडळाने मंजूर केले, म्हणून जाब विधिमंडळाने विचारायचा. लेखापरीक्षक त्याला कागद पुरवतो.

हा कागद कसा तयार होतो तेही पाहा. पथक कार्यालयात बसून फायली तपासतं आणि अर्ध्या समासावर शंका लिहून देतं. तिथल्या तिथे खुलासा झाला तर विषय मिटतो. नाही मिटला तर तो निरीक्षण अहवालात जातो, आणि गंभीर असेल तर छापायच्या अहवालातला मसुदा परिच्छेद होऊन सचिवांकडे जातो. सचिवांना उत्तरासाठी सहा आठवडे असतात. बऱ्याचदा उत्तरच येत नाही आणि परिच्छेद तसाच छापला जातो. म्हणजे छापून आलेली एकही ओळ खात्याला नवी नसते.

खरी गळती त्यापुढे आहे. अनुच्छेद १५१ नुसार अहवाल राज्यपालांकडे जातो आणि ते तो विधिमंडळासमोर ठेववतात. किती दिवसांत, हे घटनेत लिहिलेलंच नाही. जलयुक्तचा अहवाल ८ सप्टेंबर २०२० ला पटलावर आला. अधिवेशन दोनच दिवसांचं होतं, हा दुसरा दिवस. मुंबई महापालिकेचा २५ मार्च २०२३ ला आला, तोही अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी. आमदाराने वाचायचा कधी आणि विचारायचं कुठे? दिल्लीत तर चौदा अहवाल अडकून पडले होते. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने दिरंगाईवर बोट ठेवलं, पण खास अधिवेशन बोलवायचा आदेश दिला नाही. सरकार बदललं तेव्हा फेब्रुवारीपासून ते पटलावर येऊ लागले.

ओव्हरसिअर
तुमच्या त्या जलयुक्त अहवालाबद्दल आम्हा फील्डवरच्यांना विचारा. साडेबावीस हजार गावांत कामं झाली, यांनी १२० गावं पाहिली. २०१८ ला पाऊसच कमी झाला. भूजल खाली गेलं यात नाल्याच्या खोलीकरणाचा काय दोष? खुर्चीत बसून पाच वर्षांनी चुका काढणं सोपं असतं. मार्च एंडला निधी हातात पडतो, तेव्हा यांच्यापैकी कुणी साइटवर नसतं.

जुना लेखापरीक्षक
पावसाचा मुद्दा खरा आहे, नमुना लहान आहे हेही मान्य. पण आक्षेप फक्त पाणीपातळीवर नव्हता. गाव 'जलपरिपूर्ण' जाहीर केलं, तर गरजेएवढा साठा तिथे झाला का, एवढं साधं गणित होतं. शिवाय बांधलेल्या कामांच्या देखभालीची सोय केली का? कामांचे फोटो संकेतस्थळावर चढवले का? यातलं पावसावर काय अवलंबून आहे?

ओव्हरसिअर
फोटो! तालुक्यात रेंज नाही आणि तुम्हाला फोटो हवेत.

सांगलीकर
मला एक कळत नाही. महापालिकेच्या वेळी सगळं झटपट कसं झालं? ऑक्टोबर २०२२ ला सरकारने सांगितलं, मार्चमध्ये अहवाल. वीस कामं, सुमारे २१४ कोटींची, निविदेशिवाय दिलेली. चौसष्ट कामांत ठेकेदाराशी करारच नाही. म्हणजे कॅगच्या मनात आलं तर पाच महिन्यांत होतं!

जुना लेखापरीक्षक
कॅगच्या नाही, सरकारच्या मनात आलं म्हणून. महापालिकेचं ऑडिट एरवी तिचा स्वतःचा मुख्य लेखापरीक्षक करतो आणि अहवाल स्थायी समितीकडे देतो. मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली, मग कारभार प्रशासकाकडे गेला आणि स्थायीचे अधिकारही त्याच्याकडेच. ज्याच्या कारभाराची तपासणी, तोच ती वाचणार, अशी गत झाली. याबद्दल इथे कुणी धागा काढला नाही. आणि त्या खास ऑडिटमध्येही कोविडचा खर्च तपासायला मिळाला नाही, महापालिकेने साथरोग कायदा पुढे केला.

परभणीचा
मोठ्यांचं सोडा. माझा मेव्हणा ग्रामसेवक. ऑडिटला दोन व्हाउचर सापडली नाहीत, रक्कम 'वसूलपात्र' म्हणून त्याच्या नावावर चढली. ठेकेदार मोकळा, सरपंच मोकळा, याची पेन्शन अडकली. बहिणीने दागिने मोडून पैसे भरले. कोटींचा परिच्छेद मंत्रालयात पडून राहतो आणि हजारांचा आमच्या घरात येतो. हाच तुमचा जाब?

जुना लेखापरीक्षक
ते कॅगचं ऑडिट नव्हे, स्थानिक निधीवाल्यांचं. १९३० च्या कायद्याचं, वेगळं खातं.

परभणीचा
खातं वेगळं म्हणून बहिणीचे दागिने परत येणार आहेत का?

ओव्हरसिअर
बरोबर बोलले. आणि आमदारांच्या पंचायत राज समितीचा दौरा ठरला की बघा. आठ दिवस सगळी जिल्हा परिषद फायली नटवत बसते, रंगरंगोटी होते, जेवणावळीची जबाबदारी कुणावर तर आमच्यावर. साक्षीला मात्र नवीन बदलून आलेला अधिकारी उभा. "मी तेव्हा नव्हतो, माहिती घेऊन सादर करतो." झालं.

तळेगावकर
मी कॅगबद्दल लिहिलं होतं, तुम्ही ग्रामपंचायतीत शिरलात.

परभणीचा
तुम्हाला ग्रामपंचायत छोटी वाटते. आमचं सरकार तेच आहे.

जुना लेखापरीक्षक
आवाज चढवू नका. मेव्हण्यांवर अन्याय झालाच असेल. व्हाउचर नंतर सापडलं किंवा काम जागेवर दिसलं, तर पूर्ततेचा अहवाल देऊन तो परिच्छेद वगळून घेता येतो. पण ते ग्रामसेवकाला कुणी सांगत नाही, आणि निवृत्तीनंतर त्याच्या हातात दप्तर उरत नाही.

ओव्हरसिअर म्हणतात ते मात्र थेट मूळ प्रश्नाचं उत्तर आहे. वर, कॅगचे अहवाल तपासणाऱ्या आमदारांच्या लोकलेखा समितीतही तेच होतं. अध्यक्ष संकेताने विरोधी पक्षाचा, अधिकारही आहेत. पण अहवालातल्या ढीगभर परिच्छेदांतून समिती मोजकेच तोंडी साक्षीला घेते. बाकीच्यांवर खात्याचं लेखी स्पष्टीकरण, म्हणजे ज्ञापन मागायचं, तेही लेखापरीक्षकाकडून तपासून आलेलं. खातं ते वेळेवर देत नाही. साक्षीची पाळी येते तोवर निर्णय घेणारा सचिव दोन खाती ओलांडून गेलेला असतो, आणि मंत्री तर समितीपुढे येतच नाही. तळेगावकर, दात कॅगचे नाहीत, समितीचे आहेत. ती चावत नाही.

सांगलीकर
मग जलयुक्तचं समितीकडेच का नाही राहू दिलं? सरकार बदललं तशी चौकशी लागली, पुन्हा बदललं तसं २०२३ ला 'जलयुक्त २.०' सुरू. परिच्छेद राहिला बाजूला, दोन पक्षांचं भांडण झालं.

ओव्हरसिअर
त्या चौकशीत आमच्यातले किती कनिष्ठ लोक फाइल घेऊन फिरले ते विचारा. योजना आखणारे फिरले नाहीत.

तळेगावकर
ठीक आहे, 'पोसायचं कशाला' मागे घेतो. पण तुमच्या सगळ्या पायऱ्या ऐकल्यावर माझा राग वाढलाच आहे. अहवाल अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी ठेवायचा, आणि ज्या परिच्छेदांवर ज्ञापन आलं नाही त्या खात्यांची यादी सभागृहात वाचून दाखवायची. एवढा नियम करायला काय अडतं?

जुना लेखापरीक्षक
यादी वाचली तर फरक पडेल. सचिवाला नाव वाचलेलं आवडत नाही.

ओव्हरसिअर
पहिल्या दिवशी ठेवला की अख्खं अधिवेशन त्याच गोंधळात जाईल. आमच्या रस्त्याच्या पुरवणी मागण्या लटकतील त्याचं काय?

परभणीचा
लटकू द्या की. आमची पेन्शन लटकलीच होती.