मदत हवी आहे: भावाचा ताप सात दिवस रोज थोडा थोडा वाढतोय, विडाल मात्र निगेटिव्ह

सातारची_सई (रविवार, सकाळी)

माझा धाकटा भाऊ, वय २३, पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. तिघे मिळून खोली घेतली आहे, दोन्ही वेळचं जेवण मेसमध्ये. गेल्या सोमवारी अंग मोडून आलं म्हणाला. मी थर्मामीटर घ्यायला लावला आणि आकडे कळवायला सांगितले. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास बघितलेले असे:

सोमवार ९९.४, मंगळवार १००.२, बुधवार १००.८, गुरुवार १०१.६, शुक्रवार १०२.२, शनिवार १०३.

सकाळी एखाद डिग्री उतरतो, पण कालच्या सकाळपेक्षा आजची सकाळ जास्तच असते. सर्दी-खोकला नाही. डोकं दुखतं, जेवण नको वाटतं, पाच दिवसांत दोनदाच शौचाला झालंय. अशक्तपणा इतका की जिना उतरताना कठडा धरतो.

बुधवारी जवळच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. मलेरिया नाही, डेंग्यूची एनएस१ निगेटिव्ह, विडालमध्ये ओ आणि एच दोन्ही १:२०, म्हणजे निगेटिव्ह असं लिहिलंय. पांढऱ्या पेशी ४,२००, प्लेटलेट १ लाख ४२ हजार. "व्हायरल आहे, पॅरासिटामॉल घ्या" म्हणाले.

टायफॉइड नाही हे त्या रिपोर्टवरून नक्की धरायचं का? आई तर म्हणते हा मुदतीचाच ताप आहे, आजीला असाच आला होता.

---

खडीसाखर

ताई, टायफॉइडनंतर अशक्तपणा राहतोच. माझ्या मुलाला दोन महिने होता. मऊ भात, मुगाचं वरण, डाळिंब द्या. आणि पोट साफ होत नसेल तर रात्री दोन चमचे एरंडेल कोमट दुधातून. तापाचं मूळ पोटातच असतं.

---

सातारची_सई

काकू, अजून टायफॉइड आहे की नाही हेच ठरलेलं नाही. ताप चालू आहे.

---

बाटली_नंबर_सात

मी कोल्हापुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये सूक्ष्मजीवशास्त्राचं काम बघते. आधी एरंडेलाचं: कृपा करून देऊ नका. टायफॉइडमध्ये लहान आतड्याला सूज आणि जखमा होतात. त्या आतड्याला जुलाबाने ढवळायचं नाही. दोन दिवस शौचाला नाही झालं तरी चालेल.

आता विडाल. तुमच्या भावाचं रक्त बुधवारी घेतलं, म्हणजे तापाच्या तिसऱ्या दिवशी. विडालमध्ये जंतू दिसत नाहीत, जंतूंविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं दिसतात. ती मोजण्याइतकी व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. तिसऱ्या दिवशीचा निगेटिव्ह म्हणजे पेरणीनंतर तिसऱ्या दिवशी शेतात जाऊन "पीक आलं नाही" म्हणण्यासारखं. टायफॉइड नाही असा त्याचा अर्थ होत नाही.

जंतू पहिल्या आठवड्यात रक्तातच फिरत असतात. तेव्हाची तपासणी म्हणजे ब्लड कल्चर. बुधवारी खरं ते करायला हवं होतं. आजही उशीर झालेला नाही, पण एक विचारते: त्याने कुठलं अँटिबायोटिक घेतलंय का? नीट विचारा, बहुतेक मुलं सांगत नाहीत. आणि बुधवारच्या रिपोर्टात इओसिनोफिल किती लिहिलेत?

---

सातारची_सई

विचारलं. आधी "नाही" म्हणाला, मग रूममेटने सांगितलं. शुक्रवारी रात्री मेडिकलवाल्याने सेफिक्झिम दिली. तीन गोळ्या घेतल्यात, शेवटची काल रात्री. इओसिनोफिल ० आहेत.

---

निवृत्त_कंपाउंडर

तीस वर्षं दवाखान्यात काढली. पायरीपायरीने चढणारा ताप, जीभ पांढरी आणि कडा लाल, टायफॉइडच. उद्या पुन्हा विडाल करा, १:८० आला की पक्कं. आम्ही कल्चरबिल्चर कधी केलं नाही, तरी पेशंट बरे होत होते.

---

बाटली_नंबर_सात

काका, तापाची चढण तुम्ही बरोबर ओळखलीत. ती आता पूर्वीसारखी सरळ दिसत नाही, कारण लोक दर सहा तासांनी पॅरासिटामॉल घेतात आणि आकडा खाली-वर होतो. या मुलीने रोज एकाच वेळी बघायला लावला म्हणून तरी पायऱ्या दिसल्या. (ताई, गोळीआधी बघायचा की नंतर हे मात्र ठरवून घ्या, आधीच बघा.)

पण १:८० शी मी सहमत नाही. आपल्याकडे टायफॉइड इतका फिरलेला आहे की धडधाकट माणसातही १:८० सापडतो. पूर्वी होऊन गेला असेल किंवा दुसरा कुठला ताप आला तरी जुनी प्रतिपिंडं वर येतात. एकट्या कागदावर भरवसा नको. दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेतले आणि दुसरा आकडा पहिल्याच्या चौपट किंवा त्याहून जास्त आला तर त्याला अर्थ आहे. बुधवारचा १:२० टाकून देऊ नका. तो त्या जोडीतला पहिला नमुना म्हणून उपयोगी पडेल.

इओसिनोफिल शून्य आणि पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत, हे टायफॉइडशी जुळतं. सिद्ध मात्र त्याने काही होत नाही, इतर तापांतही दिसतं.

सई, तीन गोळ्यांमुळे कल्चरची शक्यता घटली आहे. औषध न घेतलेल्या माणसातही ते सगळे रुग्ण पकडत नाही, साधारण निम्म्याच्या आसपास. तरीही करा. आज रुग्णालयात न्या आणि पुढचा डोस देण्याआधी रक्त घ्यायला सांगा. मोठ्या माणसाचं ८ ते १० मिली हवं. दोन-तीन मिलीमध्ये भागवणारेही पाहिलेत, आणि टायफॉइडमध्ये रक्तातले जंतू मुळातच विरळ असतात. बाटलीत जेमतेम थेंब गेले तर निगेटिव्ह येणारच.

मात्र रिपोर्टची वाट बघत उपचार थांबवायचे नाहीत. रक्त निघालं की डॉक्टर औषध सुरू करतील.

---

रानवारा

हे सगळं ठीक, पण कल्चरला पाच दिवस लागतात ना? तोवर ताप उतरलेला असतो. मग हजार-बाराशे घालवायचे कशाला? मला गेल्या वर्षी डेंग्यू होता, तेव्हाही असेच रिपोर्टवर रिपोर्ट. प्लेटलेट चाळीस हजारांवर गेल्या होत्या. ताई, प्लेटलेट रोज बघा, पपईच्या पानांचा रस द्या.

---

बाटली_नंबर_सात

जंतू असले तर बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांतच मशीन इशारा देतं. "नाही" म्हणायला पाच दिवस थांबतो. आणि पैसे फक्त नावासाठी जात नाहीत. जंतू वाढला की त्याच्यावर कुठलं औषध चालतं तेही त्याच नमुन्यावर तपासता येतं. पूर्वी हमखास चालणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनला आपल्याकडचे बरेच टायफॉइडचे जंतू आता जुमानत नाहीत. ही माहिती विडाल कधीच देणार नाही. डेंग्यूची शंका चूक नाही, पण एनएस१ तिसऱ्या दिवशी केली होती, तो तिचा योग्य काळ आहे. पपईच्या रसावर मी काही बोलत नाही.

---

सातारची_सई (रविवार, रात्री)

पुण्याला पोचले. दाखल केलंय. डॉक्टरांनी दोन्ही हातांतून दोन बाटल्या रक्त घेतलं, मग सलाइनमधून सेफ्ट्रायाक्झोन सुरू केलं. १०३ ताप असताना नाडी ८६. नर्स दोनदा मोजून गेली.

---

बाटली_नंबर_सात

इतक्या तापात नाडी एवढी कमी, हेही टायफॉइडकडेच बोट दाखवतं. आता एक धीर धरा: बरोबर औषध चालू असलं तरी ताप उतरायला चार-सहा दिवस जातात. दुसऱ्या दिवशीच "औषध लागू पडत नाही" म्हणून डॉक्टर बदलू नका.

---

निवृत्त_कंपाउंडर

आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पोटाकडे लक्ष. अचानक जोराने पोट दुखलं, पोट फुगून कडक झालं, शौच काळी झाली किंवा पोरगं गुंगीत बडबडायला लागलं तर रात्र असली तरी डॉक्टरांना उठवा. ताप एकदम उतरला आणि नाडी धावायला लागली तर आनंद मानू नका, आतून रक्त जात असू शकतं. आमच्याकडे एक असा गेला.

---

सातारची_सई (पुढच्या शनिवारी)

कल्चरचा अंतिम रिपोर्ट: पाच दिवसांत वाढ नाही. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांमुळे असेल. औषध तेच ठेवलंय. ताप गुरुवारपासून उतरणीला लागला, काल संध्याकाळी ९९.६. मग हे नक्की होतं काय?

---

निवृत्त_कंपाउंडर

टायफॉइड. मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं.

---

बाटली_नंबर_सात

तेच असण्याची शक्यता खूप आहे. पण कागदावर सिद्ध झालेलं नाही आणि त्या तीन गोळ्यांनंतर कदाचित होणारही नाही. सोमवारी, पंधराव्या दिवशी, दुसरा विडाल करून बघा. शक्यतो त्याच लॅबमध्ये, कारण लॅबगणिक आकडे बदलतात. लवकर औषध मिळाल्याने प्रतिपिंडं कमी बनली असतील तर तोही फसवू शकतो.

---

सातारची_सई (मंगळवारी)

बुधवारच्याच लॅबमध्ये केला. ओ १:१६०, एच १:१६०. आधी दोन्ही १:२० होते.

---

निवृत्त_कंपाउंडर

शेवटी विडालनेच सांगितलं ना?

---

बाटली_नंबर_सात

दोन विडालांनी सांगितलं, काका. आठपट. आज आलेला एकटा १:१६० असता तर मी एवढ्या विश्वासाने बोलले नसते. डॉक्टरांना दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवा आणि औषधाचे दिवस तेच ठरवतील तेवढे पूर्ण करा. ताप गेला म्हणून मध्येच सोडलं तर दोन-तीन आठवड्यांनी परत फिरलेले रुग्ण आमच्याकडे येतात. पूर्ण घेऊनही काही जणांचा उलटतो, म्हणून थर्मामीटर हाताशी असू द्या.

---

सातारची_सई

अजून एक. त्याच्या रूममेटला रविवारपासून ताप आहे. आज तिसरा दिवस, १००.६. तोही त्याच मेसमध्ये जेवतो. मेडिकलमधून गोळी आणायला निघाला होता, मी फोनवर थांबवलंय. त्याचं लगेच कल्चर करायचं?

---

बाटली_नंबर_सात

आजच डॉक्टरांकडे न्या. भावाचा आजार आणि मेस, दोन्ही सांगा. मलेरिया आणि एनएस१ बघतीलच, त्याच टोचणीत कल्चरचं रक्तही काढता येतं. अजून गोळी पोटात गेलेली नाही ना?

---

सातारची_सई

नाही. पॅरासिटामॉल फक्त. रिक्षा बोलावलीय.