सीटेन वाढवून हातात काय पडतं? बूस्टरची बाटली, प्रीमियम डिझेल आणि सकाळचा पांढरा धूर

जांबोटी_रोड:
जीप 2015 ची, चार सिलिंडर, कॉमन रेल. थंडी पडली की सकाळी सेल्फ जास्त मारावा लागतो, मग दोन मिनिटं पांढरा धूर आणि टकटक. गरम झाली की काही नाही. पंपावर म्हणतात प्रीमियम घाला, लिटरला पाच रुपये जास्त. बेळगावात एक दुकानदार सीटेन बूस्टर देतोय, 250 मिलीची बाटली 400 रुपयांना, 50 लिटरला एक. यातलं काय घेऊ? मायलेज वाढेल काय?

नोझल_बेंच:
दोन्ही घेऊ नका, आधी हीटर प्लग बघा.

डिझेल सिलिंडरमध्ये फवारलं की लगेच पेटत नाही, मध्ये क्षणभर जातो. सीटेन जास्त असेल तर तो क्षण लहान होतो. इंजिन गार असताना हवा पुरेशी तापत नाही, तो क्षण लांबतो, तेवढ्यात बरंच डिझेल साठतं आणि मग एकदम भडकतं. ती तुमची टकटक. जे पेटतच नाही ते पांढरा धूर होऊन बाहेर येतं, त्याला कच्च्या डिझेलचा वास असतो आणि डोळे चुरचुरतात. म्हणजे सीटेनचा या दुखण्याशी संबंध आहे, पण आपल्याकडच्या डिझेलला किमान 51 सीटेनचं बंधन आहे. तेवढ्यावर तुमचं इंजिन डिसेंबरातल्या बेळगावात सुरू व्हायलाच हवं. होत नसेल तर कमी पडतेय ती उष्णता.

प्लगवरची पट्टी सोडवा, मीटर ओहमवर ठेवा, एक टोक प्लगच्या शेंड्याला आणि दुसरं इंजिनच्या बॉडीला लावा. चांगला प्लग साधारण एक-दोन ओहमच्या आत दाखवतो. जळलेला काहीच दाखवत नाही, सर्किट उघडं. चारही ठीक निघाले तर चावी फिरवल्यावर पट्टीपर्यंत करंट येतो का ते बघा, नाहीतर रिले गेलेला असतो. प्लग बॅटरीला थेट जोडून तपासू नका. काही गाड्यांना कमी व्होल्टचे असतात, ते तिथेच जळतात.

हायवे_48:
नोझल_बेंच, प्रीमियमला तुम्ही सरसकट उडवून लावताय, ते पटत नाही. सीटेन जास्त म्हणजे जळण पूर्ण, जळण पूर्ण म्हणजे ताकद आणि मायलेज दोन्ही. निपाणी ते हुबळी धावणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर सांगतात की आवाज मऊ होतो आणि तवंदी घाट वरच्या गिअरवर निघतो. सगळेच चुकीचं सांगत असतील काय?

नोझल_बेंच:
आवाज मऊ होतो हे खरं, विशेषतः जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात. कॉमन रेलमध्ये मुख्य फवाऱ्याआधी एक छोटा फवारा सोडून तेच काम केलेलं असतं, म्हणून फरक कमी कळतो. पण ताकद वाढत नाही. गरम इंजिनात 51 वर डिझेल जवळजवळ सगळं जळतंच, उरलेलं जळवून मायलेज काढायला शिल्लकच काही नसतं.

बूस्टरचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले असतात. तिथे किमान सीटेन 40 आहे. चाळिशीतल्या डिझेलला चार-पाच आकडे मिळाले तर गारठ्यात फरक दिसणारच. आपण सुरुवातच 51 वरून करतो, युरोपासारखी.

ऊसतोड_चिकोडी:
माझ्या ट्रॅक्टरला पण धूर आहे, काळा. दोन ट्रॉल्या ऊस लावून चढाला लागला की ढगच. बूस्टर घातलं तर जाईल का?

नोझल_बेंच:
काका, तुमचं वेगळं आहे. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. ऊसाच्या हंगामात पाचट आणि धूळ इतकी उडते की एअर फिल्टर आठवड्यात बसतो. फिल्टर काढून थोडा वेळ मोकळ्या जागी इंजिन रेस करून बघा, धूर उतरला तर फिल्टरच. फिल्टरशिवाय शेतात मात्र नेऊ नका. तसाच राहिला तर नोझल आणि पंपाची सेटिंग बघावी लागेल. सीटेनचा यात हात नाही.

सदाशिवनगर_58:
पेट्रोलला जसं 91 आणि 95, तसंच हे. आकडा मोठा तेवढं जळण चांगलं.

नोझल_बेंच:
उलटं आहे. पेट्रोलचा आकडा ते आपोआप पेटू नये म्हणून, डिझेलचा ते लवकर पेटावं म्हणून. म्हणूनच डिझेलमध्ये चुकून पेट्रोल गेलं तर सीटेन उतरतं, आणि पंपाला लागणारी चिकटाई जाते ते वेगळंच.

हायवे_48:
ठीक, सीटेनपुरतं मान्य. पण प्रीमियममध्ये फक्त सीटेन नसतं, नोझल साफ ठेवणारं डिटर्जंटही असतं. काजळी बसलेल्या नोझलमध्ये फवारा वाकडा जातो, तो साफ झाला तर मायलेज परत येतं. हे तरी मानाल?

नोझल_बेंच:
हे मानतो, आणि प्रीमियमचा खरा मुद्दा हाच आहे. पण परत येतं ते गेलेलं मायलेज. नोझल आधीच स्वच्छ असतील तर परत यायला काही नसतं. टोक झिजलं असेल तर डिटर्जंटने ते भरून येत नाही.

पैशाचा हिशेब बघा. साधं 90 आणि प्रीमियम 95 धरलं तर बरोबरीला यायलाच मायलेज साडेपाच टक्क्यांनी वाढायला हवं. 12 देणारी गाडी 12.7 च्या जवळ गेली पाहिजे. बाटलीचा हिशेब आणखी वाईट, लिटरमागे 8 रुपये, म्हणजे जवळपास 9 टक्के.

आणि हा फरक एका टाकीत कळत नाही. 40 लिटर भरताना नोझल एक लिटर आधी कटऑफ झाला तरी अडीच टक्क्यांची चूक आली. चोर्ला उतरून गोव्याला गेलात आणि तिथेच हिशेब केलात तर मायलेज फुगलेलं दिसणार, कारण घाट उतरलात. जाऊन-येऊन धरा, तोच पंप, तेच मशीन, पहिल्या कटऑफला थांबायचं. साध्यावर तीन टाक्या, मग प्रीमियमवर तीन. प्रीमियमची पहिली टाकी मोजू नका, तिच्यात जुनं डिझेल मिसळलेलं असतं.

वडगाव_लॅब:
बाटलीबद्दल दोन गोष्टी. एक, लेबलवर 2-इथिलहेक्सिल नायट्रेट लिहिलंय का बघा. नसेल तर बहुधा ते फक्त साफ करणारं औषध आहे, सीटेन फारसं वाढवणार नाही. असेल तर पाचशे ते हजार पीपीएम, म्हणजे लिटरला अर्धा ते एक मिलीत जेवढं वाढायचं तेवढं बऱ्यापैकी वाढतं, पुढे डोस दुप्पट केला तरी वाढ दुप्पट होत नाही. बंद खोलीत ओतू नका, याच्या वाफेने डोकं चढतं. उष्णतेपासूनही लांब ठेवा.

दुसरं, पंपावर हायड्रोमीटर लावून घनता बघितली म्हणजे सीटेन कळलं असं समजू नका. घनतेवरून भेसळीचा संशय येतो. बूस्टरमुळे वाढलेलं सीटेन घनतेत दिसतच नाही, ते प्रयोगशाळेतच मोजावं लागतं.

जांबोटी_रोड:
मीटर लावला. दुसरा आणि चौथा काहीच दाखवत नाहीत, पहिला आणि तिसरा 0.8. आता चारही बदलू की दोन? आणि काढताना तुटतात म्हणे?

नोझल_बेंच:
चारही बदला, वय एकच आहे. आदल्या रात्री बुडाशी गंज सोडवणारं तेल सोडा, सकाळी इंजिन गरम करून मग फिरवा. जोर लागला की अर्धा फेरा उलट, पुन्हा थोडा पुढे. एका दमात फिरवलात तर हेडमध्ये तुटतो, मग हेड उतरवायचीच पाळी येते. नवीन बसवताना टॉर्क रेंच वापरा, हाताच्या अंदाजाने आवळू नका.

त्यानंतरही पांढरा धूर राहिला तर इंजेक्टरचं रिटर्न मोजा. चारही रिटर्न नळ्या चार बाटल्यांत सोडून पाच मिनिटं आयडलवर चालवा. एकीत बाकीच्यांपेक्षा दुप्पट जमलं तर तो इंजेक्टर गळतोय.

हायवे_48:
प्लग बदला, ते बरोबर. पण नवे इंजेक्टर बसवलेल्या गाडीला पहिल्यापासून डिटर्जंटवालं डिझेल घातलं तर ते जास्त टिकतात, यावर मी ठाम आहे. एका इंजेक्टरच्या किमतीत पाच रुपये लिटरचा फरक बरेच दिवस भरून निघतो.

नोझल_बेंच:
टिकत असतील. पण इंजेक्टर जाण्याचं एक मोठं कारण पाणी आहे, डिटर्जंट त्यावर उपाय नाही. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सोडून पाणी काढा, त्याला पैसे लागत नाहीत. तेवढं करूनही प्रीमियमवर इंजेक्टर जास्त जगले असं दाखवणारी दोन सारख्या गाड्यांची नोंद कुणाकडे असेल तर इथे टाका, मी बघायला तयार आहे.