मदत हवी आहे: पार्सलमध्ये लोणच्याचं तेल गळतंय

आमचा महिला बचत गट सावंतवाडीजवळचा. कैरीचं लोणचं, उडदाचे आणि नाचणीचे पापड करतो. एफएसएसएआय नोंदणी आहे. घाऊक ऑर्डर किमान १० किलो, निम्मे पैसे आगाऊ, माल आठवड्यात एसटी पार्सलने. पापड पत्र्याच्या डब्यात धड पोचतात, अडचण लोणच्याचीच.

पुण्याच्या दुकानदाराकडे १ किलोच्या पेट बरण्या गेल्या, तर झाकणाच्या आट्यांतून तेल झिरपून लेबलं भिजली. झाकणाला टेप लावली, ती तेलाने सुटली. तेल कमी घातलं तर वरच्या फोडी उघड्या पडून बुरशी धरते. काच भाड्याला परवडत नाही.

हाताच्या इंडक्शन मशीनने लावलेलं फॉइल सील तेलकट काठावर टिकतं का, की जाड पाउचच घ्यावेत?