‘अनरीचेबल’ आणि ‘टाइम आउट’ एकच का?

खटपट्या: ऑफिसातला प्रिंटर 192.168.1.50 पिंग केला तर हे येतंय. काल टाइम आउट यायचं. अर्थ एकच ना, लागत नाही?

```
Reply from 192.168.1.23: Destination host unreachable.
```

सदू_केबलवाला: नाही रे. अनरीचेबल म्हणजे समोरचं बंद, टाइम आउट म्हणजे नेट स्लो. सिंपल.

माधुरीताई: सदू, पहिलं अर्धं चालेल, दुसरं नाही. खटपट्या, ते Reply from नंतरचं 23 कोणाचं?

खटपट्या: अरे हो, माझ्याच पीसीचं!

माधुरीताई: मग पॅकेट तुझ्या दारातूनच निघालं नाही. पन्नास नंबर कोणाचा म्हणून पीसीने नेटवर्कात हाक मारली, म्हणजे एआरपी, कोणी ओ दिली नाही, मॅक अ‍ॅड्रेस मिळाला नाही, म्हणून त्याने स्वतःच शेरा मारला. प्रिंटर बंद, केबल निघालीय नाहीतर आयपी बदललाय. आणि खालचं Lost = 0 बघून खुश होऊ नकोस, विंडोज हा शेराही Received मध्ये मोजतं.

पोस्टातली_लेक: म्हणजे ‘या पत्त्यावर इसम राहत नाही’ म्हणून पत्र परत येतं ते अनरीचेबल, आणि उत्तरच येत नाही ते टाइम आउट?

माधुरीताई: अगदी, आणि शेरा कुठल्या पोस्टाचा ते बघायचं. आमच्या दुसऱ्या ब्रँचचं 10.10.5.20 लागेना, शेरा 10.10.1.1 चा, म्हणजे तिथल्या राउटरचा, तेव्हा कळलं की लाइन तिथपर्यंत ठीक आहे, पुढे गडबड. एकतर मशीन बंद किंवा त्या राउटरला पुढचा रस्ताच माहीत नाही, काही राउटर रस्ता नसला तरी host च म्हणतात. टाइम आउटमध्ये कोणाचंच नाव नसतं. विंडोज चार सेकंद थांबतं आणि सोडून देतं. फायरवॉलने गिळलं असेल, किंवा पोचलं पण परतीची वाट नसेल.

आजोबा_पुणे: माझ्या मोबाइलवर ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ येतं, ते पण हेच का?

माधुरीताई: नाही काका, ते वेगळं.

खटपट्या: आणि काल टाइम आउट आलं तेव्हा प्रिंटर चालू होता की नाही, कसं कळणार होतं?

माधुरीताई: पिंग मारल्या मारल्या `arp -a` बघायचं. पन्नाससमोर मॅक दिसला तर त्या नंबरवर कोणीतरी जागं आहे, फक्त पिंगला बोलत नाही. विंडोजवाले पीसी फायरवॉलमुळे असं बरेचदा करतात. पण हे एकाच नेटवर्कात, राउटरपलीकडचं यात दिसणार नाही.

सदू_केबलवाला: मग पलीकडचं tracert ने बघा, जिथे स्टार सुरू तिथे बिघाड.

माधुरीताई: मधले स्टार सोडून दे, काही राउटर उत्तरच देत नाहीत, पण पुढचा हॉप दिसला की तो पास झाला. शेवटपर्यंत स्टार असतील तर शेवटचं उत्तर देणाऱ्याच्या पुढे शोध, तरी परतीच्या वाटेची शंका राहतेच.

पोस्टातली_लेक: मला एकाच पिंगमध्ये आलटून पालटून दोन्ही येतं, शेरा राउटरचा, त्याचं काय?

सदू_केबलवाला: लूज केबल.

माधुरीताई: असेल, पण काही राउटर असे शेरे मोजूनमापून पाठवतात, ते पण असू शकतं. कुठला राउटर आहे?

खटपट्या: इकडे सापडलं. प्रिंटर चालूये, साफसफाईत केबल निघालेली.