मदत हवी आहे: उकाड्याच्या संध्याकाळी उडत येणारी झुरळं नेमकी येतात कुठून?

मृण्मयी_ठाणे
आम्ही ठाण्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो. एप्रिल संपत आला की दरवर्षी हा त्रास सुरू होतो. दिवसभर घामाच्या धारा, वारा पडलेला आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर बोटाच्या पेराहून मोठं, तांबूस झुरळ फडफडत थेट बेडरूममध्ये. थंडीत एकही दिसत नाही. मुलगी इतकी धास्तावली आहे की संध्याकाळी त्या खोलीत जातच नाही.

पेस्ट कंट्रोलवाल्यांनी ओट्याखाली आणि कपाटांच्या बिजागऱ्यांपाशी जेल लावून दिलं. स्वयंपाकघरातली बारकी झुरळं त्याने गेली, ही मोठी मात्र येतातच. खिडक्या लावून बघितल्या, तरी अधूनमधून एखादं दिसतं, आणि या उकाड्यात खिडक्या बंद ठेवायच्या तरी किती? ही घरातच वाढतायत की बाहेरून येतायत, हे ओळखायचं कसं?

शेखर_डी
दिव्यावर येतात हो. पहिला पाऊस पडला की बघा, ट्यूबभोवती नुसता खच, सकाळी पंखांचा केर काढावा लागतो. दिवे घालवून बसायचं आणि दिव्याखाली परातीत पाणी ठेवायचं.

मृण्मयी_ठाणे
शेखरदादा, ते पंखवाले वाळवीचे किडे. ते आमच्याकडेही येतात, पण मी झुरळांबद्दल विचारतेय.

वर्षा_कुलकर्णी
जेल महिन्याभरात सुकतं, पुन्हा लावून घ्या. आणि रात्री सिंकमध्ये खरकटी भांडी ठेवू नका. आमच्याकडे एवढ्याने पूर्ण बंद झाली.

नळकाम_अण्णा
वर्षाताईंचं बारक्या झुरळांच्या बाबतीत बरोबर आहे. फिकट तपकिरी, मानेवर दोन काळ्या रेघा असलेली ती जात स्वयंपाकघरातच जगते आणि तिला पंख असले तरी ती उडत नाही. मृण्मयीताई सांगतायत ती दुसरी जात. लांबी साडेतीन-चार सेंटिमीटर, रंग तांबूस, मानेवर फिकट पिवळट कड. तिचं घर म्हणजे ड्रेनेजचे चेंबर, सेप्टिक टँक आणि डक्टमधली ओल. मी बरीच वर्षं सोसायट्यांच्या ड्रेनेजची कामं करतो, संध्याकाळी चेंबरचं झाकण उचललं की आतल्या भिंतीवर ही बसलेली दिसतात.

गरम हवेतच का उडतात, तर अंग तापल्याशिवाय त्यांचे पंखांचे स्नायू नीट चालत नाहीत. शिवाय दमट हवेत त्यांचं अंग सुकत नाही, म्हणून ती बिळातून लांबवर फिरायला निघतात. जमिनीवरून सरळ दुसऱ्या मजल्यापर्यंत उडणं त्यांना जड जातं. ती पाइप आणि भिंतीवरून चढतात आणि वरून तरंगत खिडकीत शिरतात.

आता ओळखायचं कसं. या जातीच्या पिल्लांना पंख नसतात, ती मोठी व्हायला बरेच महिने लागतात. म्हणून घरात बिनपंखांची तांबूस पिल्लं दिसतायत का ते बघा. सगळ्या आकारांची दिसली तर घरातच ओल धरलेली जागा आहे. फक्त मोठी, पंखवाली दिसत असतील तर वाढ बाहेर आहे. मागे उंदराच्या लेंड्यांसारखे बारीक, टोकाला बोथट दाणे सापडतात का तेही पाहा. दाणे जिथे जास्त, तिथे ती दिवसा लपलेली असतात.

चिकट कागदाचे सापळे आणा. एक बाथरूममध्ये जाळीजवळ, एक बेडरूमच्या खिडकीखाली, एक सिंकखाली आणि एक कपडे धुण्याच्या बाल्कनीत, सगळे भिंतीला लागून. आठवडाभर ठेवून कुठे किती अडकली ते कळवा.

मृण्मयी_ठाणे
अण्णा, तुम्ही सांगितलं तसं केलं. पिल्लू एकही नाही, सगळी पंखवाली. सिंकखालचा कागद कोरा. बेडरूमच्या खिडकीखाली थोडी, ही खिडकी डक्टच्या बाजूला उघडते. सगळ्यात जास्त अडकली ती मागच्या बाल्कनीत. पण त्या बाल्कनीला तर बारीक जाळी आहे!

नळकाम_अण्णा
तिथे वॉशिंग मशीन आहे का? पाणी रोज त्या जाळीतून जातं का?

मृण्मयी_ठाणे
मशीन पूर्वी होतं, आता आतल्या बाथरूममध्ये हलवलंय. तिथल्या जाळीत पाणी क्वचितच पडतं.

नळकाम_अण्णा
मग तुमची खिडकी बंद असतानाची झुरळं तिथून येतायत. जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो, त्यात दोन इंचांच्या आसपास पाणी कायम साठून राहतं आणि तेच पाणी गटार आणि घर यांच्यामधला दरवाजा असतो. वापर नसला की उन्हाळ्यात ते आटतं. मग खालच्या चेंबरपासून वरपर्यंत कोरडा रस्ता मोकळा. तिथे थोडा कुबट वासही येत असणार.

आज एक तांब्या पाणी ओता. दर आठवड्याला ओतत राहा. गावाला जाणार असाल तर पाण्यावर चमचाभर खाद्यतेल सोडा, म्हणजे ते लवकर उडत नाही. मशीनचा जुना पाइप घुसवलेलं भोक उघडं असेल तर ते बुजवा, नुसती जाळी पुरत नाही. आणि बेडरूमच्या खिडकीला बारीक जाळी बसवा, कडेच्या फटीला ब्रशपट्टी लावून.

पेडण्याचो_दामू
आमचं पेडण्यात कौलारू घर. माझ्याकडे चेंबर नाही, सेप्टिक टँकच्या हवेच्या पाइपला जाळी नव्हती, ती लावली. तरी येतात. अंगणातल्या माडांच्या शेंड्यात, सुकलेल्या झावळ्यांत ती राहतात असं पाडेली म्हणतो, माड साफ करताना त्याच्या अंगावर पडतात. तेव्हा प्रत्येकाचं चेंबरच असेल असं नाही.

नळकाम_अण्णा
दामूभाऊ, बरोबर. माडाच्या शेंड्यात ओल आणि कुजकं असतं, तिथे ती आरामात राहतात. सुकी झावळी वेळेवर काढून घेणं हाच उपाय. शहरात मात्र मी आधी चेंबर बघतो.

मृण्मयी_ठाणे
पाणी ओतल्यापासून बाल्कनीतला सापळा जवळजवळ रिकामा आहे, वासही गेला. काल प्लंबरला घेऊन तळमजल्यावर गेले. डक्टमधल्या चेंबरचं झाकण एका कोपऱ्यात फुटलेलं, त्यातून हात जाईल एवढी फट. टॉर्च मारल्याबरोबर भिंतीवर एकच धावपळ. सोसायटीला लिहिलं, तर सेक्रेटरी म्हणतात चेंबरमध्ये औषध फवारू, झाकण पुढच्या वर्षी.

नळकाम_अण्णा
उलटं करायला सांगा. फट उघडी ठेवून फवारलं की आतली सगळी बाहेर पळतात आणि त्या रात्री चार-पाच मजल्यांवरून तक्रारी येतात. आधी झाकण बदलून कडा सिमेंटने बंद करा आणि सगळ्यांना ट्रॅपमध्ये पाणी भरायला सांगा. फवारणी त्यानंतर. हे पावसाआधी उरका, कारण पहिल्या जोराच्या सरीत चेंबर भरला की जी आत असतील ती पाइपांवर चढतात.

वर्षा_कुलकर्णी
म्हणजे आमच्याकडे बंद झाली ती जेलमुळे नाही का? आमचीही गच्चीलगतची बाथरूम गेली दोन वर्षं बंदच आहे. आज जाऊन बघते.

मृण्मयी_ठाणे
एक प्रश्न अजून राहिला. आमच्या डक्टमधला हवेचा पाइप गच्चीवर उघडा आहे, टोपी उडून गेलीय. वरच्या मजल्यांवरची झुरळं तिथून उतरत असतील का?

नळकाम_अण्णा
शक्य आहे. सातव्या मजल्यावर एकच खोली अशी होती की जाळ्या, ट्रॅप सगळं ठीक करूनही त्रास राहिला, आणि टोपी बसवल्यावर कमी झाला. पण त्याच आठवड्यात पाऊसही सुरू झाला होता, म्हणून टोपीमुळेच कमी झाला असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. टोपी स्वस्त आहे, बसवून घ्या आणि वरच्या मजल्यावर एक सापळा ठेवून काय अडकतं ते इथे लिहा.